कोयनेचा उतारा आणि शेजारचा नकाशा

भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेत उतारा आणि नकाशा शेजारीशेजारी येतात, तेव्हा बहुतेक मुले उतारा वाचून उत्तरे लिहायला घेतात. नकाशाकडे नजर जाते ती शेवटी. मला ही सवय मोडावीशी वाटते.

समजा उताऱ्यात लिहिले आहे: ‘कोयना महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेकडे वाहत जाऊन हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते.’ पहिला प्रश्न असा, की कराडपासून महाबळेश्वर कोणत्या दिशेला आहे? उताऱ्यात याचे उत्तर नाही. आधी उत्तर दिशेचा बाण पाहायचा, कारण नकाशाची वरची बाजू दरवेळी उत्तरच असते असे नाही. मग ‘पासून’ हा शब्द ज्या गावाला जोडला आहे, तिथे बोट ठेवायचे. बोट कराडवर असेल तर उत्तर वायव्य येते. ते महाबळेश्वरवर ठेवले, तर आग्नेय येते आणि गुण जातो.

दुसरा प्रश्न अंतराचा. नकाशाचे प्रमाण १ : १०,००,००० आहे, म्हणजे १ सेंटीमीटरला १० किलोमीटर. पट्टीने महाबळेश्वर ते कराड सुमारे ९ सेंटीमीटर भरते, म्हणून सरळ अंतर सुमारे ९० किलोमीटर. नदीची लांबी विचारली असेल, तर मात्र पट्टी उपयोगाची नाही. निळ्या रेषेवरून दोरा फिरवायचा आणि तो मोजायचा. तरीही उत्तर खऱ्या लांबीपेक्षा कमीच येते, कारण इतक्या लहान प्रमाणाच्या नकाशात नदीची बारीक वळणे मावत नाहीत.

इथे झेरॉक्सचा धोका असतो. नकाशा लहान करून छापला, तरी त्यावरचे ‘१ : १०,००,०००’ तसेच राहते आणि उत्तर चुकते. रेषाप्रमाण मात्र नकाशाबरोबरच आकसते, म्हणून मोजलेले अंतर त्या रेषेवर ठेवूनच वाचावे.

तिसरा प्रश्न मला सर्वांत आवडतो: कोयना धरणाचे पाणी कोणत्या समुद्राला मिळते? सूचीत धरण, नदी आणि वीजकेंद्र यांची चिन्हे दिली आहेत. नुसती नदीची रेषा धरली, तर पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जाते. पण वीजकेंद्राचे चिन्ह शोधा. ते पोफळीला, सह्याद्रीच्या पश्चिमेला सापडते. ते तिथे कसे, हे उतारा सांगतो: जलाशयाचे पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून पश्चिमेला सोडून वीज निर्माण करतात. वापरून झालेले हे पाणी वाशिष्ठी नदीत जाते. आता पुन्हा नकाशावर वाशिष्ठीची रेषा धरून चिपळूणवरून पश्चिमेला जा. ती अरबी समुद्राला मिळते. तेव्हा पूर्ण गुणांच्या उत्तरात दोन्ही समुद्रांची नावे यायला हवीत.