न पोचलेल्या चित्राचे भाषांतर

भाषांतरकाराकडे आलेल्या ई-मेलमध्ये ‘सोबतच्या चित्रातील मजकुराचे मराठी भाषांतर करून द्यावे’ एवढेच वाक्य असते आणि त्याखाली चित्राऐवजी रिकामी चौकट दिसते, तेव्हा पाठवणारा चित्र जोडायला विसरला असावा, असा तर्क साहजिकच केला जातो. हा तर्क पुष्कळदा बरोबर ठरतो. परंतु पाठवणाऱ्याच्या पडद्यावर चित्र स्पष्ट दिसत असतानाही ते पत्रात शिरलेलेच नसते, असेही घडते, आणि अशा वेळी ‘पुन्हा पाठवा’ एवढेच कळवल्यास तीच रिकामी चौकट दुसऱ्यांदा हाती येते. म्हणून चित्र नेमके कोठे राहिले, हे आधी शोधणे श्रेयस्कर ठरते.

ई-मेलची मूळ व्यवस्था रोमन अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे वाहून नेण्यापुरतीच होती. नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये ‘माइम’ हे मानक मांडले, तेव्हा एका पत्राचे अनेक भाग पाडून प्रत्येक भागाच्या माथ्यावर त्याचा प्रकार नोंदवण्याची सोय झाली. यात चित्राचा भाग ‘बेस-६४’ या पद्धतीने अक्षरांत लिहिला जातो. दर तीन बाइटांसाठी चार अक्षरे लागत असल्यामुळे ३ मेगाबाइटचा फोटो पत्रात ४ मेगाबाइटांहून थोडा अधिक भरतो. मजकुराच्या मधोमध दिसणारे चित्रही प्रत्यक्षात तेथे नसते. मजकुरात केवळ त्याचा निर्देश असतो, आणि तो निर्देश वाचून ई-मेलचा प्रोग्राम चित्र शोधून त्या जागी दाखवतो. निर्देश पोचला आणि चित्र मागे राहिले, की रिकामी चौकट उरते.

जर्मनीत राहणाऱ्या एका कुटुंबाने पुण्यातील भाषांतरकाराला औषधाच्या खोक्याचा फोटो पाठवला आणि तो दिसला नाही, असे धरू. पहिला पुरावा पत्राच्या आकाराचा असतो, कारण मोबाइलवर काढलेला फोटो आत असलेले पत्र जेमतेम ९ किलोबाइटांचे असणे संभवत नाही. दुसरा पुरावा पत्राच्या मूळ रूपात मिळतो. जीमेल संगणकावर उघडून पत्रावरील तीन टिंबांच्या यादीतून `Show original` निवडले, की हे रूप समोर येते, आणि त्यात पुढीलसारखी ओळ आढळू शकते:

```
<img src="file:///C:/Users/Public/photo.jpg">
```

`file:///` ने सुरू होणारा हा पत्ता पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावरील जागेचा आहे. त्यामुळे त्याला चित्र दिसत राहते, इतर कोणालाही ते दिसू शकत नाही, आणि तेच पत्र कितीही वेळा पाठवले तरी उपयोग होत नाही. फाइल कागदअडकणीच्या चिन्हावरून स्वतंत्रपणे जोडावी लागते. `file:///` च्या जागी `cid:` असे असेल, तर निर्देश पत्राच्याच दुसऱ्या भागाकडे असतो. तोच क्रमांक `Content-ID` या ओळीत असलेला चित्राचा भाग खाली सापडला, तर चित्र पोचले आहे आणि दोष ते दाखवणाऱ्या प्रोग्रामचा आहे. तो भाग सापडलाच नाही, तर चित्र वाटेत गळले आहे. जोडलेल्या फाइली ‘रिप्लाय’ केल्यावर सहसा सोबत जात नाहीत, ‘फॉरवर्ड’ केल्यावर जातात, हेही अशा गळतीचे एक साधे कारण आहे.

चित्र नसताना संदर्भावरून मजकूर ताडण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळला पाहिजे. पत्राच्या विषयात ‘व्हिटॅमिन डी’ असे असेल, तर अशा खोक्यावर काय छापलेले असते हे अनुभवी भाषांतरकाराला साधारण ठाऊक असते; परंतु मात्रा किती, ती रोजची की आठवड्याची, हे त्या एका खोक्यावरच लिहिलेले असते. शिवाय जर्मन छपाईत `1.000 I.E.` म्हणजे एक हजार आंतरराष्ट्रीय एकके, कारण तेथे हजाराच्या जागी टिंब आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतात. एवढ्याशा टिंबावर अर्थ हजारपटीने बदलत असेल, तर न पाहिलेल्या मजकुराचे ‘अंदाजे’ भाषांतर रुग्णाच्या हाती देणे धोक्याचे आहे.

उत्तरात काय मिळाले, काय मिळाले नाही आणि पुढे काय करावे, या तिन्ही गोष्टी असाव्यात: ‘आपले पत्र मिळाले, परंतु त्यात चित्र नाही, केवळ आपल्या संगणकावरील फाइलचा पत्ता आहे. कृपया फोटो स्वतंत्र फाइल म्हणून जोडून पाठवावा. खोक्याच्या सर्व बाजू आणि कडेची बारीक अक्षरे त्यात यावीत. भाषांतर कोणत्या तारखेपर्यंत हवे, तेही कळवावे.’ फोटो पाठवणे अशक्यच असेल, तर मजकूर टंकून मागवता येतो, मात्र टिंबे, स्वल्पविराम आणि एकके जशीच्या तशी उतरवण्याची विनंती त्यासोबत हवी, आणि भाषांतराच्या माथ्यावर ‘टंकून पाठवलेल्या मजकुरावरून केलेले, मूळ खोके पाहिलेले नाही’ अशी नोंद राहिली पाहिजे.