नवरात्र नऊ दिवसांचं, पीठ पाच दिवसांचं

दिल्लीत नवरात्र बसलं की किराणा दुकानांच्या दर्शनी फळीवर कुट्टूच्या पिठाच्या पिशव्या येतात आणि लाखो घरांत नऊ दिवस दिवसातून एकदाच जेवायचा नेम सुरू होतो. कुट्टूच्या पुऱ्या, सैंधव घातलेली बटाट्याची भाजी, दही आणि फळं, असं ते जेवण. नोकरी करणाऱ्या बाईला या उपवासाबद्दल हमखास विचारलं जातं, की दिवसभर उपाशीपोटी काम कसं निभणार? माझ्या मते प्रश्न चुकीच्या जागी विचारला जातो. सुदृढ माणसाचं शरीर वीस-बावीस तास अन्नावाचून बऱ्यापैकी निभावून नेतं. उपवास मोडतो तो एकवेळच्या त्या ताटामुळे, आणि त्यातही बहुतेक वेळा पिठामुळे. म्हणून नऊ दिवसांची आखणी पीठ दळण्यापासून सुरू व्हायला हवी.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. नवरात्रं मुख्यतः दोन, चैत्रातलं आणि आश्विनातलं. उत्तरेत उपवासाला गहू-तांदूळ वर्ज्य, म्हणून कुट्टू, शिंगाडा, राजगिरा आणि वरई. समुद्राचं मीठ वर्ज्य, म्हणून सैंधव, म्हणजे आपलं शेंदेलोण. ते खाणीतून निघतं. हिमाचलात मंडी जिल्ह्यातही त्याच्या खाणी आहेत. महाराष्ट्रात कुट्टूची परंपरा नाही, पण दिल्लीकर मराठी घरांत तो रुळला आहे आणि पुण्या-मुंबईच्या दुकानांतही मिळू लागला आहे.

आता कुट्टूकडे वळू, कारण या सगळ्यात नवलाची वस्तू तीच आहे. कुट्टू हे धान्यच नाही. गहू-ज्वारी गवताच्या कुळातली. कुट्टू आपल्या आंबट चुक्याच्या कुळातला. त्याचा दाणा त्रिकोणी, काळपट टरफलाचा. हिमाचल, उत्तराखंड, लडाख, सिक्कीम अशा डोंगराळ भागांत तो होतो. पावसाळ्यात पेरतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात कापतात. याचा अर्थ असा, की आश्विनातल्या नवरात्रात बाजारात मिळतो तो बहुतेक गेल्या वर्षीचा दाणा. त्यात वाईट काही नाही, कारण टरफलाच्या आत दाणा कोरडा राहिला तर वर्षभर टिकतो. दळल्यावर मात्र सगळं बदलतं. कुट्टूत तीनेक टक्के स्निग्धांश असतो आणि तो फोडणारी विकरंही असतात. दाण्यात दोघं वेगळी राहतात; जात्यात एकत्र येतात, त्यात हवा मिसळते आणि पीठ खवट होऊ लागतं. पावसाळी दमटपणा मिळाला तर बुरशी धरते. आश्विनात उरलेलं पीठ चैत्रात विकलं गेलं, तर ते सहा महिने जुनं असतं. 2025 साली चैत्र नवरात्रात देहरादूनमध्ये कुट्टूच्या पिठाचे पदार्थ खाऊन शंभरावर लोक आजारी पडले, आणि त्याच वर्षी आश्विनात दिल्लीच्या जहांगीरपुरी भागातही तसंच घडलं. उलट्या, पोटदुखी, चक्कर ही अशा प्रकारांतली नेहमीची लक्षणं.

यावर कुणी म्हणेल, बंद पाकीट घ्या म्हणजे झालं. पाकीट सुट्या पिठापेक्षा बरं, हे खरंच. पण त्यावर पाकीटबंद केल्याची तारीख असते, दाणा कधी दळला ते कळेलच असं नाही. आणि जिथे खप कमी तिथे माल फळीवर जास्त पडून राहतो, म्हणून ही काळजी दिल्लीपेक्षा पुण्यात अधिक घ्यायला हवी. दुसरा आक्षेप असा, की तळल्यावर जंतू मरतातच. जंतू मरतात, पण बुरशीने सोडलेली विषं कढईच्या उष्णतेला बऱ्याच अंशी पुरून उरतात. वास आणि चव हीच घरातली परीक्षा. ताज्या पिठाला मातकट, भाजल्या दाण्यासारखा वास असतो. जुन्या तेलाचा वास, पिठात गुठळ्या किंवा जाळी, आणि छोटं धिरडं चाखल्यावर जिभेवर रेंगाळणारी कडवट चव, यातलं काहीही आढळलं तर पीठ टाकून द्यावं. मात्र वास चांगला असला म्हणजे पीठ निर्धोक, असा उलटा निष्कर्ष काढू नये.

म्हणून एक किलो सोललेला दाणा आणावा, निवडावा आणि मिक्सरमध्येच दळावा. गिरणीत आधीच्या गव्हाचं पीठ मिसळतं, त्याने नेमही मोडतो. दिवसाला 100 ग्रॅम धरून अर्धा किलो घटस्थापनेच्या आदल्या रात्री दळावा, उरलेला पाचव्या रात्री. पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये. कुट्टूत ग्लूटेन नसल्याने पुरी लाटताना फाटते. उकडलेला बटाटा किंवा अळकुडी कुस्करून मळली की पीठ धरतं. पण बावीस तासांच्या रिकाम्या पोटाला तळण जड जातं. त्यापेक्षा ताक घालून सैल भिजवावं, पंधरा मिनिटं ठेवावं आणि चमचाभर तुपावर धिरडी काढावीत.

आता हिशेब मांडू. समजा, 55 किलो वजनाची, बैठं काम करणारी, सकाळी साडेआठला घराबाहेर पडून सातला परतणारी बाई. तिची रोजची गरज सुमारे 1,660 किलोकॅलरी आणि 46 ग्रॅम प्रथिनं. तिच्या ताटात 100 ग्रॅम पिठाची धिरडी, दीडशे ग्रॅम बटाटा, वाटीभर दही, 75 ग्रॅम पनीर, दोन चमचे तूप, एक केळं, एक सफरचंद आणि पेलाभर दूध असेल, तर साधारण साडेअकराशे किलोकॅलरी आणि चाळीसच्या वर प्रथिनं मिळतात. याच ताटातून दही, पनीर, दूध काढलं तर प्रथिनं पंधरा-सोळा ग्रॅमवर येतात. चौथ्या-पाचव्या दिवशी येणारा गळाठा बऱ्याचदा तिथून येतो. रोजची पाचशेची तूट नऊ दिवसांत जेमतेम अर्धा किलो चरबी घटवते. त्याहून जास्त उतरलेलं वजन मुख्यतः पाण्याचं असतं, आणि ते परत येतं.

जेवण दुपारी की रात्री? दुपारी जेवलं तर कामाला बळ मिळेल, हा युक्तिवाद बरोबर आहे. पण कचेरीत ताजं धिरडं मिळत नाही आणि सकाळचं दुपारी वातड होतं. शिवाय आरतीनंतर जेवायची रीत संध्याकाळचीच. म्हणून साडेसातला आधी पाणी आणि फळ, वीस मिनिटांनी ताट. दिवसा तहान लागायची वाट न पाहता पाणी प्यावं. नेमात बसत असेल तर दुपारी चिमूटभर सैंधव घातलेलं लिंबूपाणी घ्यावं. दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी अनेकदा भुकेची नसून एकाएकी सोडलेल्या चहाची असते, तेव्हा चहा आठवडाभर आधीपासून कमी करावा. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रक्तदाब असणाऱ्यांनी ते साध्या मिठाइतकंच मोजून घ्यावं.

साखरेवर इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हा नेम डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच काहीतरी गोड खावं आणि त्या दिवशी उपवास सोडावा. ज्यांनी कुट्टू कधीच खाल्लेला नाही त्यांनी नवरात्राच्या आठवडाभर आधी अर्धं धिरडं खाऊन पाहावं, कारण काहींना त्याची तीव्र अ‍ॅलर्जी असते. आणि नवव्या दिवशी पीठ उरलं तर ते चैत्रासाठी ठेवू नये.