शिरपूरची तीन तासांची पाळी

वाशीम जिल्ह्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे मंदिर आहे. त्या एकाच मूर्तीची पूजा श्वेतांबर आणि दिगंबर असे दोन्ही जैन संप्रदाय करीत आले आहेत. 1905 साली उभयतांनी आपसांत वेळापत्रक ठरविले आणि तीन-तीन तासांच्या पाळ्या वाटून घेतल्या. तरीही थोड्याच वर्षांत प्रकरण अकोल्याच्या न्यायालयात गेले, तेथून नागपुरास व 1929 मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचले. व्यवस्थेचा हक्क श्वेतांबरांचा आणि वेळापत्रकानुसार पूजेचा हक्क दिगंबरांचा, असा तो निकाल होता. पुढे 1981 मध्ये मंदिरास कुलूप लागले. ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 2023 मध्ये निघाले.

घड्याळ दोघांनाही मान्य होते, मग भांडण कशाचे? आमच्या मते ते वेळेचे कधीच नव्हते. ते पाळी संपताना मूर्ती कोणत्या अवस्थेत हाती यावी, याचे होते. श्वेतांबर मूर्तीस चक्षू, आंगी व अलंकार चढवितात, चंदनाने नवांगी पूजा करतात. दिगंबरांच्या दृष्टीने वस्त्राभूषणांची खूणही मूर्तीवर असता कामा नये. अलंकार उतरविता येतात. परंतु मूर्ती वाळू व शेणाची असल्याची परंपरा असल्यामुळे तिला वेळोवेळी लेप द्यावा लागतो आणि त्या लेपात कटिसूत्र व कचोटा उमटविले, की ते दुसऱ्याच्याही पाळीत कायम राहतात. तीन तासांची वाटणी येथे निरुपयोगी ठरते.

म्हणून, न्यायालयाचे निर्णय व कोणाचेही हक्क अबाधित ठेवून, उभय पक्षांच्या विचारार्थ आम्ही एक निवेदन मांडीत आहोत.

तीन तासांची पाळी कायम असावी, कारण ती उभयतांच्या पूर्वजांनीच ठरविली आहे. मात्र पाळ्यांची संख्या सम असली, की पहाटेची वेळ सदैव एकाच पक्षाकडे राहते. मंदिर सकाळी सहा ते रात्री नऊ उघडे ठेवल्यास पाच पाळ्या होतात. ज्याची पहिली, त्याचीच तिसरी व पाचवी. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी आपोआप दुसऱ्याकडे जाते. दोन दिवसांत प्रत्येकाच्या वाट्यास पाच पाळ्या येतात आणि कोणास कोणाकडे काही मागावे लागत नाही.

प्रत्येक पाळीतील शेवटची वीस मिनिटे पूजेची नसून हस्तांतराची समजावीत. त्या वेळात, ज्याने अलंकार चढविले त्यानेच ते उतरवावेत. दुसऱ्याने त्यांस हात लावू नये. चंदन मात्र घासून काढू नये. अशा मूर्तीस घासणे म्हणजेच तिची झीज करणे होय. म्हणून ते किती व कोठे लावावे, हे आधीच ठरलेले असावे. नंतर ठरलेल्या एकाच जागेवरून छायाचित्र घ्यावे आणि नोंदवहीत दोन्ही बाजूंच्या सह्या व्हाव्यात. ही वही दोन्ही संप्रदायांबाहेरच्या, उभयमान्य गृहस्थाकडे असावी. कोणी सही नाकारली, तर कारण तेथेच लिहावे. तेवढ्यासाठी पुढची पाळी अडवू नये. वहीत असे नकार एकाच वेळेपाशी वारंवार दिसू लागले, तर तंटा पेटण्यापूर्वीच तो कोठे मूळ धरीत आहे हे कळेल.

सणांची अडचण वाटते त्याहून लहान आहे. श्वेतांबर मूर्तिपूजकांचे पर्युषण बहुधा भाद्रपद शुद्ध चतुर्थीस संपते आणि दिगंबरांचे दशलक्षण पंचमीपासून सुरू होते. पहिले आठ दिवसांचे, दुसरे दहांचे. आपापल्या पर्वात प्रत्येकाने रोज तीन पाळ्या घेतल्या, तर अखेरीस श्वेतांबरांच्या चव्वेचाळीस व दिगंबरांच्या सेहेचाळीस होतात. पुढचे दोन दिवस पहिली पाळी श्वेतांबरांना दिली, की उभयतांच्या पन्नास-पन्नास भरतात. महावीर जयंती मात्र दोघांचीही चैत्र शुद्ध त्रयोदशीसच येते. त्या दिवशीची पहिली पाळी एक वर्ष एकाकडे, पुढल्या वर्षी दुसऱ्याकडे असावी, आणि दुसऱ्या दिवसापासून नेहमीचा क्रम पुढे चालावा.

राहिला लेप. मूर्तीचे मूळ रूप कोणते, हे असले निवेदन सांगू शकत नाही आणि सांगू पाहील तर ते निःपक्ष राहणार नाही. त्याने एवढेच ठरवावे: लेपाची लेखी सूचना महिनाभर आधी द्यावी, आधीची व नंतरची मापे आणि छायाचित्रे उभयतांसमक्ष घ्यावीत, न्यायालयाने मान्य केलेल्या रूपात एका रेषेचीही भर अथवा घट होऊ नये, लेप सुकेपर्यंत दोघांच्याही पाळ्या सारख्याच दिवसांसाठी बंद असाव्यात. दिगंबरांचा आक्षेप वहीत नोंदला जावा. त्यांच्या स्वाक्षरीचा अर्थ संमती असा लावला जाऊ नये, हे निवेदनात स्पष्ट लिहिलेले असावे.

प्रथम एक वर्षापुरतेच हे करून पाहावे, व वर्षअखेर वही उघडून दोन्ही पक्षांनी एकत्र वाचावी.