टाइमआउटचे तीस सेकंद

शालेय कबड्डीचा सामना. दोन मिनिटं उरली होती आणि आमच्या मुली 24-23 ने पुढे होत्या. समोरची चढाईपटू डाव्या कोपऱ्याकडे सरकली आणि आमच्या कोपरारक्षक मुलीनं एकटीनंच तिच्या घोट्यावर झेप घेतली. चढाईपटूचं वजन अजून मागच्या पायावर होतं, त्यामुळे पुढचा हलका पाय तिनं सहज सोडवून घेतला. साखळीतली जोडीदार अर्धं पाऊल उशिरा धावली आणि तिलाही स्पर्श झाला. दोघी बाद, 24-25.

पुढच्या चढाईत आमच्या मुलीनं एक गडी टिपला, बरोबरी झाली आणि बाद झालेली कोपरारक्षक परत आत आली. मान खाली, डोळे भरलेले. बाहेरून पालक ओरडत होते, ‘एकटी कशाला गेलीस!’ मी टाइमआउट मागितला. कबड्डीत तो 30 सेकंदांचा असतो.

गैरसमज : चूक तिथल्या तिथे दाखवली नाही, तर ती अंगवळणी पडते.

अंगवळणी पडते ती सरावात शेकडो वेळा केलेली हालचाल. सामन्यातली एक झेप अंगवळणी पडत नाही. त्या क्षणी मुलीची छाती धडधडत असते, मन गेलेल्या दोन गुणांपाशी अडकलेलं असतं. अशा वेळी पाच सूचना दिल्या, तर ती मान डोलावते, पण एकही सूचना मैदानात नेत नाही. म्हणून पहिले दहा सेकंद मी काहीच बोलत नाही. पाणी प्यायचं, श्वास लांब सोडायचा. मग एकच वाक्य, तेही पुढच्या चढाईबद्दलचं : ‘तिचा पुढचा पाय पक्का टेकेपर्यंत थांब, मग साखळीनं जा.’ आणि तिला विचारायचं, ‘काय करणार?’ तिनं स्वतःच्या शब्दांत सांगितलं, तर ते पोचलं. ती नुसतं ‘हो सर’ म्हणाली, तर पोचलेलं नाही.

‘घाई करू नकोस’ हे वाक्य मी मुद्दाम टाळतो. काय करायचं नाही एवढंच त्यातून कळतं. मुलीला पाहण्यासाठी खूण हवी असते, आणि टेकलेला पाय दिसतो.

अपवाद एकच. पकड धोक्याची असेल, कुणाला इजा होईल अशी असेल, तर वाट न पाहता तिथेच थांबवायचं.

गैरसमज : ‘असू दे, काही झालं नाही’ म्हटलं की धीर येतो.

गुणफलक तिलाही दिसतो. काही झालं नाही म्हणणाऱ्या माणसाचं पुढचं कौतुकही ती मग खरं मानत नाही. ‘दोन गुण गेले. झेप बरोबर होती, वेळ चुकली,’ असं मी म्हणतो. यात चूक झाकलेली नाही, आणि ती मुलीला चिकटवलेलीही नाही. ‘तुला दम नाही’ किंवा ‘तू नेहमी असंच करतेस’ म्हटलं की बोलणं पकडीवरून मुलीवर घसरतं, आणि त्यावर तिला पुढच्या चढाईत काहीच करता येत नाही.

गैरसमज : बोलणी खाल्ली की पोरं घट्ट होतात.

क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी 1996 मध्ये अभिप्रायावरचे शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीनं अभिप्रायाचा फायदा झाला होता, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी कामगिरी उलट घसरली होती. लक्ष कामावरून ‘मी कशी आहे’ इकडे वळलं की घसरण होते, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. अमेरिकेतल्या मुलांच्या बेसबॉल संघांचा 1992 चा एक अभ्यास मला जास्त अस्वस्थ करतो. चुकीनंतर धीर देऊन नेमकी दुरुस्ती सांगायला शिकवलेल्या प्रशिक्षकांकडची सुमारे 5 टक्के मुलं पुढच्या हंगामात आली नाहीत. इतरांकडची 26 टक्के आली नाहीत.

आत्मविश्वास गेल्याचं कबड्डीत लगेच दिसतं. कोपरारक्षक अंतिम रेषेला चिकटते, साखळीतला हात ढिला होतो, प्रत्येक चढाईनंतर नजर बाकाकडे वळते. तेव्हा नवी सूचना देऊ नये. नुसती मान हलवून ‘पाय बघ’ एवढं म्हणावं.

तो सामना आम्ही एका गुणानं हरलो. त्या संध्याकाळी मी तिच्याशी पकडीबद्दल बोललो नाही. दोन दिवसांनी सरावाला आधी विचारलं, ‘तू गेलीस तेव्हा तिचं वजन कुठल्या पायावर होतं?’ ती थोडा वेळ आठवत राहिली. ‘मागच्या,’ तिनंच सांगितलं. स्वतःची हालचाल आधी स्वतः तपासली की शिकलेलं जास्त टिकतं. मग दहा चढायांचा सराव लावला. पकडायचं नाही, चढाईपटूचं वजन पुढच्या पायावर आलं की फक्त ‘आता’ म्हणायचं. पहिल्या तीन वेळा ती लवकर बोलली, नंतर जमू लागलं. नवव्या चढाईला ती ‘आता’ म्हणालीच नाही. तिनं थेट घोटा धरला, आणि जोडीदार तिच्या बरोबरीनं आत आली होती.