नानांची यादी, काकूंची यादी आणि मुकादमाचा नंबर

बीड जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत लग्नांची दाटी होते. मुहूर्त असतातच, पण कारखान्यांचे पट्टे पडून ऊसतोडीची माणसं गावी परतलेली असतात, हेही त्यामागचं एक कारण. पत्रिका मात्र त्याआधी छापायच्या असतात, आणि किती छापायच्या हे यादीवरून ठरतं. चुलत बहिणीच्या लग्नात ती यादी माझ्या गळ्यात पडली.

यादी म्हणजे खरं तर याद्या. नाना म्हणजे माझे काका, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी फुलस्केप वहीत भावकी, शाळेतले सहकारी आणि जुन्या विद्यार्थ्यांचे पालक लिहिले होते. काकूंच्या वहीत माहेरचा गोतावळा. पुण्यातल्या चुलत भावाने फोनमधली सगळी नावं आणि नंबर इंग्रजी अक्षरांतच पाठवून दिले. आजीची यादी तोंडी. आणि थोरल्या आत्याच्या लग्नातली आहेराची वही, कारण ज्याने आपल्याकडे आहेर केला त्याला विसरून चालत नाही.

सगळं एका शीटमध्ये उतरवल्यावर हजाराच्या वर ओळी झाल्या. चुलत भाऊ फोनवर म्हणाला, "Remove duplicates दाब ना, दोन मिनिटांचं काम." तो पर्याय तंतोतंत सारख्या ओळींपैकी पहिली ठेवतो आणि बाकीच्या उडवतो. इथे काकूंच्या वहीत "धारूरची आक्का" आणि नानांच्या वहीत तिच्याच नवऱ्याचं तिहेरी नाव. एकही अक्षर सारखं नाही, पण घर एकच. म्हणून आधी ठरवलं की एक ओळ म्हणजे एक माणूस नव्हे, एक चूल. भावाभावांच्या वाटण्या झाल्या असतील तर दोन ओळी आणि दोन पत्रिका.

सुरुवात गावांपासून केली, कारण पत्रिका गावानुसार वाटतात: मांजरसुंब्याहून नेकनूर, केज, अंबाजोगाई असा एक रस्ता, तेलगाव-धारूरकडचा दुसरा. आजी अजून मोमिनाबादच म्हणते. निजामाच्या काळात अंबाजोगाईचं तेच नाव होतं. काकूंनी आंबेजोगाई लिहिलेलं, फोनमध्ये Amba. ही तिन्ही एका नावाखाली आणली. उलटा त्रास शिरूरचा. आपल्या जिल्ह्यातलं शिरूर कासार, लातूरचं शिरूर अनंतपाळ आणि पुण्याकडचं घोडनदीकाठचं शिरूर, तिन्हीकडे आमचे पाहुणे. आष्टी बीडमध्ये आहे, जालन्यात आहे आणि वर्ध्यातही. त्यामुळे गावाशेजारी तालुका आणि जिल्ह्याचे रकाने आले.

माणसाच्या नावाचे तीन तुकडे केले: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. राव, साहेब, सर, गुरुजी काढून वेगळ्या रकान्यात टाकले. आडनावाचा जुळणीला फारसा उपयोग नाही, अर्धं गाव एकाच आडनावाचं असतं. मधलं नाव कामाचं, पण तेही दगा देतं. नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याची रीत असल्याने नारायणाचा विठ्ठल आणि विठ्ठलाचा पुन्हा नारायण होतो. चार पिढ्यांच्या भावकीत "विठ्ठल नारायण" दोन निघाले, एक ऐंशीचे आणि दुसरा पोलीस भरतीची तयारी करणारा. बोलीतलं नाव मात्र पुसायचं नाही. पत्रिका घेऊन गेलेला पोरगा पारावर पांडुरंगरावांचं घर विचारत बसला तर कुणी सांगणार नाही, पंढरी मास्तर म्हटलं की अंगणापर्यंत आणून सोडतील.

टायपिंगचाही एक चकवा होता. कुऱ्हाडे हे आडनाव दोन कळफलकांवर दोन तऱ्हांनी टाइप झालं होतं. एकात अर्ध्या र साठी वेगळा ऱ, दुसऱ्यात साधा र आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना एकच दिसतं, शीटला दोन कुटुंबं वाटतात. असा संशय आला की एक नाव कॉपी करून दुसऱ्यावर चिकटवायचं.

एवढं झाल्यावर मोबाईल नंबर. +91, मधल्या जागा, आडव्या रेघा काढून शेवटचे दहा आकडे ठेवले आणि तो नंबर किती वेळा येतो ते पाहिलं:

```
E2: =RIGHT(REGEXREPLACE(TO_TEXT(D2),"[^0-9]",""),10)
F2: =IF(E2="","",COUNTIF(E:E,E2))
```

इथे धारूरच्या आक्का सापडल्या. पण एका नंबरासमोर नऊ ओळी आल्या. सगळ्या नानांच्या वहीतल्या, गावं वडवणी तालुक्यातली, वडिलांची नावं सगळी वेगळी. मी नानांना विचारलं.

"अरे, तो मुकादमाचा नंबर," नाना म्हणाले. "त्याच्या टोळीतली पोरं माझ्या शाळेत होती. आई-बाप कारखान्यावर. त्यांचे फोन सारखे बदलायचे, म्हणून निरोप त्याच्याकडेच द्यायचो."

नंबरावर भरवसा ठेवला असता तर एक घर राहिलं असतं आणि आठ घरं गेली असती. खूण तशी समोरच होती. तोच नंबर दोघांच्या याद्यांत आला तर बहुतेक घर एकच असतं. एकाच माणसाच्या यादीत तो पुन्हा पुन्हा आला तर आधी थांबायचं, कारण शिक्षक माणूस तेच घर नऊदा कशाला लिहील? त्यासाठी "कुणाच्या यादीतून" हा रकाना शेवटपर्यंत ठेवायचा. त्या नऊ ओळींना "मार्फत" असा शेरा दिला. एकूणच मी ओळ उडवत नव्हतो, "यात मिळवली" लिहून मूळ ओळीचा क्रमांक टाकत होतो. एका घरी दोन पत्रिका गेल्या तर चहावर हसण्यावारी जातं. पत्रिकाच गेली नाही तर ते घर पुढची वीस वर्षं मांडवात येत नाही.

आहेराच्या वहीने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. तिथल्या एका ओळीची आता तीन घरं झालेली: थोरला गावात, मधला परळीला, धाकटा संभाजीनगरला. म्हणजे इथे ओळी कमी करायच्या नव्हत्या, वाढवायच्या होत्या. आणि वहीतले कितीतरी जण आता हयात नव्हते. पाकिटावर गेलेल्या माणसाचं नाव "श्री." लावून जाणं यापेक्षा वाईट चूक नाही. आजीला शेजारी बसवलं आणि एकेक नाव वाचलं. ती "गेला" म्हणाली की मी थोरल्या मुलाचं नाव विचारायचो. मुलगा नसेल तर "गं. भा." लावून त्याच्या बायकोचं. दोन ठिकाणी आजीने जिवंत माणसाला "गेला" म्हटलं. ते तिच्या जुन्या भांडणातले निघाले.

शेवटी सातशेच्या आत घरं उरली आणि मी यादी वाचून दाखवली. धारूरच्या ओळीवर काकूंनी थांबवलं.

"आक्काला एकच पत्रिका?"

"घर एकच आहे ना, काकू. नानांच्या यादीतली तिच्यात मिळवली."

"ती यांची भावकी म्हणून झाली. माझ्या माहेरची पत्रिका माझा भाऊ घेऊन जाईल. बहिणीच्या घरी भावाने जायचं असतं, तिला काय टपालाने पाठवायची?"

नानांनी मान हलवली. मी "यात मिळवली" काढलं, दोन्ही ओळी परत उघड्या केल्या आणि "कोण नेणार" या रकान्यात एकीसमोर नाना, दुसरीसमोर मामा लिहिलं. मग काकूंनी सांगितलेली तशी आणखी पंधरा-वीस घरं शोधायला बसलो. छापखान्याला आकडा त्यानंतर कळवला.