अ‍ॅप पुन्हा टाकले, पण आतले कुठे गेले?

मोबाइल हळू चालू लागला, जागा संपली किंवा अ‍ॅप अडकू लागले की घरात एकच सल्ला मिळतो : काढून टाक आणि पुन्हा टाक. बहुतेक वेळा त्याने काम भागते. पण कधी कधी अ‍ॅप नव्यासारखे उघडते आणि आत काहीच नसते. मुलाच्या खेळातली दोन वर्षांची मजल गेलेली असते. अम्मीच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सौदीतल्या मुलाशी झालेले बोलणे, निकाहचे फोटो आणि मरहूम अब्बांच्या आवाजातले निरोप दिसेनासे होतात. खेळ पुन्हा खेळता येतो, अब्बांचा आवाज पुन्हा मिळत नाही. म्हणून आज आम्ही या एका प्रश्नाकडे वळतो : ही माहिती राहते कुठे, आणि परत मिळते ती कोणाच्या नावावर?

आधी एक फरक लक्षात घेऊ. अ‍ॅप म्हणजे रिकामी पेटी. ती प्ले स्टोअरवरून कितीही वेळा आणता येते. पेटीतले सामान मात्र वेगळ्या जागी असते. ते एक तर आपल्या फोनमध्ये असते किंवा कंपनीच्या संगणकावर आपल्या खात्याच्या नावे जमा असते. अ‍ॅप काढताना फोनमधले सामान जाते, खात्यावरचे जात नाही. अ‍ॅप अपडेट केल्याने काहीच जात नाही. फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅपच्या नावाखाली `Clear cache` आणि `Clear data` अशी दोन बटणे असतात. त्यातले पहिले निरुपद्रवी आहे, दुसरे अ‍ॅप काढून टाकण्यासारखेच आहे. घाईत बोट दुसऱ्यावर पडते.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल बहुतेकांचा समज असा, की आपला नंबर टाकला की सगळे परत येईल. तसे होत नाही. निरोप पोहोचला की तो व्हॉट्सअ‍ॅपच्या संगणकावर राहत नाही, दोन्हीकडच्या फोनमध्ये राहतो. नंबर टाकल्याने नाव, फोटो आणि गट परत दिसतात, जुने बोलणे नाही. जुने बोलणे येते ते बॅकअपमधून, म्हणजे जपून ठेवलेल्या प्रतीमधून. अ‍ॅण्ड्रॉइड फोनवर अशा दोन प्रती असतात. एक फोनमध्येच रोज पहाटे दोनच्या सुमारास तयार होते. दुसरी, आपण चालू केली असेल तर, गुगलच्या खात्यावर जाते. या दुसऱ्या प्रतीला दोन किल्ल्या लागतात : तोच मोबाइल नंबर आणि तेच गुगल खाते. दोन्हींपैकी एक बदलली तर कुलूप उघडत नाही.

आपल्या भागात नेमकी ही दुसरी किल्ली हरवते. एक घर डोळ्यांसमोर आणू. जालन्याहून मंठ्याकडे जाताना लागणाऱ्या वाटूरमध्ये राहणाऱ्या एका अम्मीने चार वर्षांपूर्वी फोन घेतला. दुकानातल्या मुलाने तिथेच एक जीमेल खाते काढून दिले, पासवर्ड त्यानेच ठरवला आणि फोन हातात दिला. अम्मींना त्या खात्याचे नावही माहीत नाही, कारण त्यांनी कधी मेल उघडलेलाच नाही. आता जुना फोन बंद पडला आणि नवा घेतला. नव्या दुकानात नवे जीमेल निघाले. व्हॉट्सअ‍ॅप टाकले, नंबर तोच, एसएमएसने आलेला कोडही बरोबर, पण पडद्यावर प्रत सापडली नाही असे आले. प्रत नष्ट झालेली नाही. ती जुन्या जीमेलवर पडून आहे, आणि नवा फोन तिला नव्या जीमेलवर शोधतो आहे.

अशा वेळी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे थांबणे. पडद्यावर `Skip` दिसते म्हणून ते दाबून पुढे गेले, की व्हॉट्सअ‍ॅप रिकाम्या पाटीवर सुरू होते आणि जुनी प्रत परत घेण्याचा प्रश्न पुन्हा विचारत नाही. तो विचारावा म्हणून अ‍ॅप काढून पुन्हा टाकावे लागते. शिवाय एका खात्यावर एका नंबरची प्रत एकच राहते. नवी प्रत गेली की ती जुनीच्या जागी बसते. म्हणजे योग्य खाते जोडलेले असताना कोणी घाईने `Skip` दाबले आणि रात्री प्रत घेतली गेली, तर चार वर्षांच्या बोलण्यावर एका दिवसाचे बोलणे चढते.

म्हणून क्रम असा ठेवावा. जुन्या फोनचा पडदा चालू असेल तर त्यात व्हॉट्सअ‍ॅप उघडून `Settings`, मग `Chats`, मग `Chat backup` येथे जावे. तिथे प्रत कोणत्या जीमेलवर जाते ते लिहिलेले असते. ते नाव कागदावर उतरवावे. फोन बंदच असेल तर घरातली जी जी जीमेल खाती माहीत आहेत, ती एकेक करून गुगल ड्राइव्ह अ‍ॅपमध्ये उघडावीत आणि मेन्यूतील `Backups` पाहावे. व्हॉट्सअ‍ॅपची प्रत असेल तर ती तिथे नंबरासह दिसते. तिच्या आतले वाचता येत नाही, पण कोणत्या खात्यावर आहे हे कळते. खात्याचे नावच आठवत नसेल, तर गुगलच्या लॉगिन पानावरील `Forgot email?` वर जाऊन मोबाइल नंबर आणि खाते काढताना दिलेले नाव घालावे. खाते काढताना तो नंबर दिलेला असेल तर खाते सापडण्याची चांगली शक्यता असते. दुकानदाराने स्वतःचा नंबर दिला असेल तर मात्र त्याच्याकडेच जावे लागते.

खाते सापडले, की आधी ते नव्या फोनच्या सेटिंगमध्ये जोडावे आणि मगच व्हॉट्सअ‍ॅप नव्याने टाकावे. नंबर पडताळल्यावर प्रतीची तारीख आणि आकार दिसतो. ती तारीख नीट वाचावी, कारण आपल्याला किती जुने बोलणे मिळणार हे तीच सांगते. मग `Restore` दाबावे. आधी लिहिलेले निरोप येतात, फोटो आणि आवाज मागाहून हळूहळू उतरतात. तेवढा वेळ इंटरनेट आणि चार्जिंग दोन्ही चालू असू द्यावे.

इथे तीन अडथळे येतात. पहिला जागेचा. गुगल खात्यावर फुकट मिळणारी जागा 15 जीबी आहे आणि त्यात मेल, फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपची प्रत तिघेही बसतात. पूर्वी अ‍ॅण्ड्रॉइडवरील व्हॉट्सअ‍ॅपची प्रत या हिशोबात धरली जात नव्हती, अलीकडे धरली जाते. जागा भरली की प्रत घेणे गुपचूप थांबते. ओळखायचे कसे? `Chat backup` मधली शेवटच्या प्रतीची तारीख पुढे सरकत नाही. तिथेच व्हिडिओ प्रतीत घेण्याचे बटण आहे. ते बंद केले की प्रत पुष्कळ लहान होते आणि आवाजातले निरोप तरी जपले जातात. दुसरा अडथळा पासवर्डचा. प्रतीला वेगळा पासवर्ड लावण्याची सोय 2021 मध्ये आली. ज्यांनी तो लावला आणि विसरले, त्यांची प्रत व्हॉट्सअ‍ॅप कंपनीलाही उघडता येत नाही. तिसरा अडथळा फोनच्या जातीचा. आयफोनची प्रत अ‍ॅपलच्या आयक्लाऊडवर जाते, गुगलवर नाही. आखातातून आलेल्या भावाचा आयफोन वापरायला घेतला तर अ‍ॅण्ड्रॉइडची प्रत त्यात अशी परत घेता येत नाही. त्यासाठी दोन्ही फोन जवळ ठेवून माहिती हलवण्याची वेगळी पद्धत आहे, आणि जुना फोन चालू असतानाच ती करावी लागते.

आता मुलांच्या खेळाकडे येऊ. खेळ पहिल्यांदा उघडला की दोन वाटा दिसतात : गुगल किंवा फेसबुकने आत या, किंवा `Guest`, म्हणजे पाहुणे म्हणून खेळा. मूल पाहुणा होते, कारण त्यात पासवर्ड लागत नाही. ऑनलाइन खेळात पाहुण्याची मजलही बहुधा कंपनीकडेच नोंदलेली असते, पण ती कोणाची हे सांगणारी खूण फक्त त्या फोनमध्ये असते. खेळ काढला की खूण जाते. नोंद तिकडे शिल्लक असली तरी तिच्यावर हक्क सांगायला आपल्याकडे काही उरत नाही. खाते जोडणे म्हणजे ती खूण फोनमधून उचलून आपल्या गुगल किंवा फेसबुक खात्याच्या नावावर करणे. मग कोणत्याही फोनवर त्याच खात्याने आत गेले की तीच मजल पुढे येते.

हा फरक किती मोठा आहे हे देशभरातल्या मुलांनी एकदा अनुभवले आहे. 2 सप्टेंबर 2020 रोजी सरकारने ज्या 118 अ‍ॅपवर बंदी घातली त्यांत पबजी मोबाइल होता. पुढच्या वर्षी जुलैमध्ये त्याच धर्तीचा बीजीएमआय हा खेळ भारतासाठी आला आणि जुनी मजल नव्या खेळात आणण्यासाठी ठरावीक मुदत दिली गेली. ज्यांचा जुना खेळ फेसबुक किंवा ट्विटरच्या खात्याला जोडलेला होता, त्यांना जुने सामान नव्या खेळात आणता आले. पाहुणे म्हणून खेळलेल्यांना ती वाट नव्हती.

जोडतानाही एक खड्डा आहे. मोठ्या भावाच्या फोनवर त्याच गुगल खात्याने तोच खेळ आधी चालू असेल, तर खेळ विचारतो : या खात्यावर एक मजल आहे, फोनवर दुसरी आहे, कोणती ठेवायची? दोन्ही ठेवता येत नाहीत. पातळी आणि तारीख वाचून निवडावे, नाहीतर धाकट्याची मजल मोठ्याच्या मजलीखाली गाडली जाते. प्रत्येक मुलासाठी वेगळे खाते हा यावर सरळ उपाय. आणि जोडणी झाली का हे तपासायचे असेल तर खेळ काढून पाहू नये. दुसऱ्या फोनवर त्याच खात्याने उघडून तीच पातळी दिसते का ते पाहावे. खात्याची सोय नसलेले काही साधे खेळ पूर्णपणे फोनमध्येच असतात. ते काढले की मजल गेली, एवढेच.

पाहुण्याची मजल गेलीच असेल, तर खेळाच्या मदत विभागाला लिहून पाहता येते. खेळातला आपला क्रमांक, नाव, शेवटची पातळी, आणि पैसे भरले असतील तर गुगलकडून आलेल्या पावतीवरचा `GPA` ने सुरू होणारा क्रमांक द्यावा. मजल खरोखर आपलीच हे दाखवणारा सर्वांत भक्कम पुरावा ही पावती असते.

ज्या घरात कोणा मरहूम माणसाचा आवाज फोनमध्ये आहे, त्यांनी तो केवळ प्रतीच्या भरवशावर ठेवू नये. अ‍ॅण्ड्रॉइडमध्ये हे आवाज या जागी असतात :

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Voice Notes
```

हा फोल्डर मेमरी कार्डावर किंवा घरातल्या संगणकावर उतरवून घ्यावा. फायलींची नावे `.opus` ने संपतात आणि व्हॉट्सअ‍ॅपशिवायही वाजतात. हे काम अ‍ॅप काढण्याच्या आधी करावे. आणि घरातल्या प्रत्येक फोनचे जीमेल नाव, नंबर व शेवटच्या प्रतीची तारीख रेशनकार्डाच्या फाइलमध्ये एका कागदावर लिहून ठेवावी. पासवर्ड त्या कागदावर न लिहिता घरातल्या दोघांना पाठ असू द्यावा.