मोबाईलवरची श्रवण चाचणी : किती खरी, किती खोटी?



मागच्या महिन्यात एका पालकांनी मला मोबाईल दाखवला. "सर, पोराचे कान ॲपवर तपासले. नॉर्मल आलंय. मग हे हाक मारल्यावर ओ का देत नाही?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर देण्याआधी ते ॲप नेमकं काय मोजतं हे बघावं लागेल.

ॲप काय करतं?

दोन प्रकारची ॲप्स दिसतात. पहिल्या प्रकारात इअरफोनमधून 'टूं' असा स्वर येतो. तो हळूहळू बारीक होतो आणि ऐकू आला की आपण बटण दाबायचं. कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज किती डेसिबलचा, हे ॲप सांगतं. आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी. जागतिक आरोग्य संघटना २० डेसिबलपेक्षा कमी आकडा आला तर ऐकणं ठीक मानते, २० ते ३५ म्हणजे सौम्य कमतरता.

दुसरा प्रकार म्हणजे गोंगाटात अंक ओळखणे. याच संघटनेचं २०१९ साली आलेलं hearWHO ॲप या प्रकारचं आहे. मागे खरखर चालू असते, त्यात तीन अंक ऐकू येतात, ते दाबायचे. शेवटी १०० पैकी गुण मिळतात.

माझा स्वतःचा प्रयोग

स्वरांचं एक ॲप मी माझ्याच उजव्या कानावर तीन वेळा वापरून बघितलं. दुपारच्या सुट्टीत वर्गात पंखा चालू ठेवून केलं तेव्हा ५०० हर्ट्झच्या जाड स्वराला ४० डेसिबल आले आणि ४००० हर्ट्झच्या बारीक स्वराला १५. रात्री घरी पंखा बंद करून, तोच इअरफोन लावून केलं तर २० आणि १०. मग तिथेच बाजारातला दुसरा स्वस्त इअरफोन लावला, तर ३५ आणि २०. कान एकच, पण निकाल तीन!

असं का झालं? पंख्याची घरघर जाड स्वराची असते, ती ५०० हर्ट्झचा स्वर झाकून टाकते. बारीक स्वराला तिचा फारसा त्रास होत नाही. म्हणून जाड स्वरांचेच आकडे वाईट आले तर आधी खोलीवर संशय घ्या. दुसरं कारण इअरफोनचं. तो कानात सैल बसला की जाड आवाज बाहेर निसटतो. शिवाय ॲपला वाटतं आपण २० डेसिबल सोडले, पण त्या इअरफोनमधून खरोखर किती बाहेर पडले हे त्याला कळत नाही. विशिष्ट इअरफोनसाठी बनवलेली ॲप्स जास्त बरोबर येतात ती यामुळेच.

पुढे सोलापूरला दवाखान्यात तपासणी झाली तेव्हा आकडे आले १५ आणि १०. म्हणजे शांत खोलीतलं ॲप दवाखान्याच्या जवळ गेलं होतं, वर्गातलं मात्र पार चुकलं होतं.

दवाखान्यात वेगळं काय होतं?

डॉक्टर आधी दुर्बिणीने कानात बघतात. मळ आहे का, बुरशी आहे का, पडद्याला भोक आहे का, हे कुठलंही ॲप बघू शकत नाही. मग आवाज न शिरणाऱ्या खोलीत, ठरावीक मुदतीने मोजून घेतलेल्या हेडफोनवर ऑडिओलॉजिस्ट स्वर ऐकवतात. तुम्ही अंदाजाने बटण दाबताय असं वाटलं तर मध्येच आवाज न सोडता थांबतात.

सगळ्यात महत्त्वाची पायरी पुढची. कानामागच्या हाडावर एक कंप देणारं छोटं यंत्र ठेवतात. त्यातून आवाज पडद्याला वळसा घालून थेट आतल्या कानात जातो. हेडफोनवर कमी ऐकू येतं, पण हाडावरून नीट ऐकू येतं, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे. दोन्हीकडून सारखंच कमी ऐकू येत असेल तर दोष आतल्या कानात किंवा नसेत. उपचार यावरच ठरतो. नेहमीच्या ॲपला हा फरक समजूच शकत नाही.

आता त्या मुलाचं बघू

असं एक उदाहरण घेऊ. तिसरीतला मुलगा, सतत सर्दी, तोंड उघडं ठेवून झोपतो, टीव्ही मोठा करतो. ॲपवर दोन्ही कानांना २५ डेसिबल आले आणि पुढे 'नॉर्मल' लिहून आलं, कारण काही ॲप्स २५ पर्यंत ठीक धरतात. दवाखान्यात हेडफोनवर ३५ आणि हाडावरून १० निघाले. म्हणजे मधल्या कानात अडथळा. पडद्याच्या हालचालीची तपासणी केली तर पडदा हलेना, कारण त्याच्यामागे सर्दीमुळे पाणी साचलेलं. हे पाणी बऱ्याच मुलांमध्ये तीन महिन्यांत आपोआप ओसरतं, नाही ओसरलं तर उपचार लागतो. तोवर त्याला पहिल्या बाकावर बसवायचं.

ॲप फक्त १० डेसिबलने चुकलं. ज्या आजोबांचा आकडा ६५ आहे, त्यांच्या बाबतीत १० ची चूक झाली तरी 'तपासून घ्या' हेच उत्तर येईल. पण शाळकरी मुलांची अडचण बहुधा सौम्य असते आणि तिथे १० ची चूक सगळं प्रकरणच झाकून टाकते.

अंकांच्या ॲपवर हा मुलगा कदाचित चांगले गुणही मिळवेल. कारण तिथे आवाज आपल्याला हवा तेवढा मोठा करून घेता येतो, आणि मोठा केला की साचलेल्या पाण्याचा अडथळा पार होतो. उलट अंक अनोळखी भाषेत असतील तर चांगल्या कानाच्या मुलालाही कमी गुण पडतील.

मग दवाखान्यात कधी जायचं?

ॲपवर आकडा वाईट आला तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशी शांत खोलीत पुन्हा करा. एकच कान कमी दाखवत असेल तर इअरफोनची डावी-उजवी बाजू बदलून लावा. ॲप तेव्हाही डावा-उजवा जुनाच लिहील, म्हणून कोणत्या कानात कोणती बाजू आहे ते लक्षात ठेवा. कमतरता इअरफोनच्या बाजूबरोबर फिरली तर दोष इअरफोनचा, त्याच कानात राहिली तर दोष कानाचा. दोन्ही दिवशी २० च्या वर आकडे आले, किंवा दोन कानांत १५-२० डेसिबलचा फरक कायम राहिला, तर तपासणी करून घ्या. hearWHO वर ५० पेक्षा कमी गुण आले तरी तेच.

काही वेळा मात्र ॲप उघडायचंच नाही. एका कानाने एक-दोन दिवसांत अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. यावरचं औषध पहिल्या काही दिवसांत सुरू झालं तरच जास्त उपयोग होतो. कान वाहणे, दुखणे, चक्कर येणे, एकाच कानात सतत आवाज येणे, यातही थेट डॉक्टरच. लहान बाळ आवाजाला दचकत नसेल, वेळेवर बोलत नसेल, तर त्याच्यासाठी बटण दाबायची चाचणी कामाचीच नाही. त्याच्या वेगळ्या यंत्रतपासण्या असतात.

आणि शिक्षकांनो, मूल "काय? काय?" म्हणत असेल, श्रुतलेखनात 'स' आणि 'श' चुकवत असेल, तोंडाकडे बघून उत्तर देत असेल, तर ॲपने 'नॉर्मल' सांगितलं तरी पाठवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा त्या मुलाचं नाव आपण स्वतःहून सांगावं. मुरुम परिसरातल्या पालकांनी आधी उमरग्याच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवावं, पुढची तपासणी लागली तर सोलापूरचं सिव्हिल आहे. जाण्याआधी कानाची तपासणी कोणत्या वारी होते ते विचारून जा, म्हणजे हेलपाटा पडणार नाही.

त्या पालकांना मी एवढंच सांगितलं, ॲप 'जा' म्हणालं तर ऐका. 'जाऊ नका' म्हणालं, तर पोराकडे बघून ठरवा.